स्पॅगेटी सॉर्ट: काड्या एका ठोक्यात लागतात, मग n log n चा खर्च जातो कुठे?

प्राची_नौपाडा
अकरावीच्या मुलांचं संगणकशास्त्राचं प्रदर्शन आहे आणि त्यात स्पॅगेटी सॉर्ट प्रत्यक्ष करून दाखवायचं ठरलंय. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी कृती सांगते. प्रत्येक संख्येसाठी तेवढ्या लांबीची एक काडी कापायची. सगळ्या काड्या सैल मुठीत उभ्या धरून टेबलावर ठोकायच्या, म्हणजे खालची टोकं एका पातळीत येतात. मग वरून तळहात आडवा खाली आणायचा. ज्या काडीला हात पहिल्यांदा लागेल ती सगळ्यांत मोठी. ती उपसून बाजूला ठेवायची आणि हात आणखी खाली न्यायचा. ए. के. ड्यूडनी यांनी १९८४ साली सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात हे मांडलं होतं.

आम्ही २०० विद्यार्थ्यांचे १०० पैकी गुण घेणार आहोत. n म्हणजे काड्यांची संख्या धरून मुलांनी फलकावर लिहिलंय: "कापायला n, ठोकायला १, उपसायला n. म्हणून ही क्रमवारी n log n पेक्षा वेगवान." हे असंच लावू द्यावं का? मला काहीतरी खटकतंय, पण चूक कुठल्या ओळीत आहे ते मुलांना दाखवता येत नाहीये. शिवाय काड्या कशाच्या घ्याव्यात आणि एका गुणाला किती मिलिमीटर धरावेत, तेही सांगा.

ओंकार_घणसोली
फलक बरोबर आहे, मॅडम. n संख्या लावायला किमान n log n च्या पटीत तुलना लागतात, ही मर्यादा एका वेळी दोनच संख्यांची तुलना करणाऱ्या पद्धतींना लागते. तुमचा तळहात एका वेळी दोनशे काड्यांना भिडतो. म्हणजे हे दोनशे प्रोसेसरचं समांतर यंत्र झालं, आणि n प्रोसेसर असले की सगळ्यांत मोठी संख्या एका पायरीत मिळते. मुलांनी फक्त "समांतर" हा शब्द जोडावा, बाकी काही बदलायची गरज नाही.

खारीगाव_काका
प्राचीताई, दोनशे गुणपत्रिका लावायला एवढा खटाटोप कशाला? आधी एकक स्थानचा अंक बघून दहा गठ्ठे करा. ० च्या गठ्ठ्यावर १ चा, त्यावर २ चा, असे क्रमाने रचून एकच थप्पी करा. मग त्याच थप्पीचे दशकाच्या अंकाप्रमाणे गठ्ठे करा. शंभर गुण असतील त्यांना अकरावा गठ्ठा. दुसऱ्या वेळी पत्रिका थप्पीच्या तळातून वर अशा क्रमाने उचलायच्या, नाहीतर पहिली मेहनत वाया जाते. दोन फेऱ्यांत काम होतं.

मधुरा_कळवा
काका, त्यांना गुणपत्रिका लावायच्या नाहीत, काड्यांचं तत्त्व दाखवायचंय. 🙂

टर्नर_रबाळे
आधी काड्यांचं बोलतो, कारण तत्त्व बरोबर असलं तरी प्रदर्शन काड्यांमुळे फसतं.

खरी स्पॅगेटी घेऊ नका. ती कापताना टोकाशी तुटते, प्रत्येक टोक वेगळं निघतं. जांभळी नाक्याला डिस्पोजेबलच्या दुकानांत कबाबच्या बांबूच्या काड्या मिळतात, ३ मिमी जाडीच्या आणि ३०० मिमी लांबीच्या. त्या घ्या. दमट हवेत बांबू जाडीला थोडा फुगतो, पण लांबीत जवळजवळ फरक पडत नाही. वाकलेल्या मात्र निवडून काढा. काचेवर घरंगळून बघा, सरळ काडी सलग घरंगळते आणि वाकडी उड्या मारते. केरसुणीचे हीर चालणार नाहीत. एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक असतात, जुडीत तिरके बसतात.

काडीचं टोकदार टोक आधी छाटा. लांबी = ८० मिमी + गुण × २ मिमी. शून्य गुणाची काडी ८० ची, शंभर गुणांची २८० ची. ८० चा पाया यासाठी, की त्याहून आखूड काडी धरताच येत नाही.

कापायला प्लायवर एक ठोकळा पक्का करा आणि त्याला पट्टी चिकटवा. काडी ठोकळ्याला टेकवायची, खूण करायची, मग बारीक करवतीने कापायची. कटरने दाबून तोडली तर टोक तिरपं येतं आणि तंतू लोंबतात. तो तंतू हाताला पहिला लागतो आणि ७१ ची काडी ७२ म्हणून बाहेर येते. टोक पॉलिश पेपरवर एकदा फिरवा. एवढं केलं तर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होईल. एका गुणाला १ मिमी का नाही, ते यावरून कळेल: दोन शेजारच्या काड्यांची चूक उलट दिशेने गेली तर सगळा फरक संपतो. २ मिमी धरलात तर वाईटात वाईट १ मिमी तरी उरतो.

प्राची_नौपाडा
वा, हे फारच उपयोगाचं आहे. जुडी मुठीत मावेल का?

टर्नर_रबाळे
दोनशे काड्यांची घट्ट जुडी साधारण ४५ मिमी व्यासाची होते, सैल धरली तर ५० च्या वर. मुठीत मावेल, पण अकरावीच्या मुलाच्या हातात ती सरळ राहणार नाही. जाड पुठ्ठ्याची ६० मिमी रुंद पट्टी गुंडाळा आणि वरून वेल्क्रोचा पट्टा लावा. पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊ नका. सुरुवातीला ठीक वाटतो, पण पन्नास काड्या उपसल्या की उरलेल्या आत कलतात. २५० मिमीची काडी दहा अंशांनी कलली तर तिचं टोक जवळजवळ ४ मिमी खाली येतं, म्हणजे दोन गुण गेले. पट्टा असेल तर दर वीस काड्यांनी आवळता येतो.

आता तळहात. हात मऊ असतो, कुठली काडी आधी लागली ते कळत नाही. म्हणून मुलं ॲक्रिलिकची पट्टी ठेवतील आणि तिथेच फसतील. मोकळी सोडलेली ताठ पट्टी एका काडीवर टेकत नाही, ती तीन काड्यांवर टेकते, तिपाईसारखी. त्या तिघींत सगळ्यांत उंच असेलच असं नाही, आणि असली तरी तिघींपैकी कुठली ते कळत नाही. पट्टीला दोन्ही बाजूंना ड्रॉवरचे चॅनेल उभे लावा, म्हणजे ती आडवीच खाली येईल. ५० मिमीच्या जुडीवर १ मिमीचा फरक ओळखायचा तर कल एका अंशाच्या आतबाहेर ठेवावा लागतो.

कल आहे की नाही हे बघायची सोपी खूण आहे. पहिली काडी पट्टीला टेकली की ती न उपसता जुडी तशीच धरून अर्धा वळसा फिरवा आणि पुन्हा पट्टी आणा. तीच काडी टेकली तर ठीक. दुसरीच टेकली तर पट्टी तिरकी आहे, किंवा टेबल.

सदाशिव_ऐरोली
टर्नरदादांनी जे लिहिलं, त्यातच प्राचीताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. फलकावरच्या तिन्ही ओळी एकेक करून बघू.

"ठोकायला १" ही ओळ सगळ्यांना भुरळ घालते. पण एक काडी उपसली की घर्षणाने शेजारच्या दोन-तीन काड्याही किंचित वर सरकतात. त्यामुळे प्रत्येक उपसण्यानंतर पुन्हा ठोकावं लागतं. म्हणजे ठोके एक नाही, दोनशे. यात फलकाचं गणित बिघडत नाही, कारण n उपसण्यांत n ठोके मिसळले तरी बेरीज n च्याच पटीत राहते. पण "एका ठोक्यात क्रमवारी" हे खरं नाही, ते पुसा.

खरा खर्च पहिल्या ओळीत आहे, "कापायला n". एक काडी कापणं म्हणजे एक काम असं मुलांनी धरलंय. पण ८२ मिमीची काडी आणि २० मीटरची काडी कापणं सारखं नाही. इथे गुण ० ते १०० मध्येच आहेत म्हणून ते दिसत नाही. क्रमवारी लावण्याजोग्या n वेगवेगळ्या संख्या असतील तर n वेगवेगळ्या लांब्या हव्यात, आणि शेजारच्या दोन लांब्यांत किमान २ मिमी हवेत, कारण त्याहून बारीक फरक तुमची करवत आणि पट्टी ओळखू शकत नाहीत. म्हणजे सगळ्यांत लांब काडी किमान २n मिमी. सगळ्यांची बेरीज केली तर ती n च्या वर्गाप्रमाणे वाढते.

पाया बाजूला ठेवून आकडे मांडतो. २०० वेगवेगळ्या काड्यांना एकूण ४० मीटर बांबू लागतो. १,००० काड्यांना १ किलोमीटर, आणि त्यांतली सगळ्यांत लांब २ मीटरची. १०,००० काड्यांना १०० किलोमीटर. एकापुढे एक मांडल्या तर ठाण्याहून निघून लोणावळा ओलांडेल. त्यांतली लांब काडी २० मीटरची, सहा-सात मजली इमारतीएवढी, आणि तुमची पट्टी तिथून खाली आणायची आहे. संख्या दहापट झाल्या की बांबू शंभरपट होतो. घड्याळात तो खर्च दिसत नाही, कारण तो काड्यांच्या रूपात आधीच भरलेला असतो.

ओंकार_घणसोली
सर, बांबूचा खर्च मान्य. पण तो जागेचा खर्च झाला, वेळेचा नाही. n प्रोसेसर एका पायरीत सगळ्यांत मोठी संख्या शोधतात हे तरी बरोबर ना?

सदाशिव_ऐरोली
ते अर्धंच बरोबर आहे. प्रत्येक प्रोसेसर एका फेरीत फक्त दोन संख्यांची तुलना करणार असेल, तर n प्रोसेसरना एक फेरी पुरत नाही. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७५ साली दाखवलं की log log n च्या पटीत फेऱ्या लागतात. एका फेरीत उरकायचं तर प्रत्येक जोडीला एक, म्हणजे n च्या वर्गाच्या पटीत प्रोसेसर लागतात. २०० काड्यांच्या जोड्या १९,९०० होतात.

पण काड्यांच्या यंत्रात तुलना होतच नाही. पट्टी एका उंचीवर येते आणि विचारते, "इथे कोणी आहे का?" मग २ मिमी खाली जाते आणि पुन्हा विचारते. ती वर कधीच जात नाही. म्हणजे पहिल्या काडीपासून शेवटच्या काडीपर्यंत तिचा एकूण प्रवास फक्त २०० मिमी, १०१ पातळ्या. आता हे बघा:

```python
count = [0] * 101
for m in marks:
    count[m] += 1
for m in range(100, -1, -1):
    for _ in range(count[m]):
        print(m)
```

पहिली फिरकी म्हणजे काडी कापणं, दुसरी म्हणजे पट्टी खाली आणणं. हा काउंटिंग सॉर्ट आहे. यातही तुलना नाही, म्हणून यालाही n log n ची मर्यादा लागत नाही. संगणक हे कितीतरी वर्षं एकाच प्रोसेसरवर n + k पायऱ्यांत करतोय, k म्हणजे पातळ्या. तेव्हा काड्यांची शर्यत तुलना करणाऱ्या मर्ज सॉर्टशी लावणंच चुकीचं आहे. ती काउंटिंग सॉर्टशी लावा, आणि तिथे काड्या जिंकत नाहीत.

खारीगावच्या काकांनी प्रश्न वेगळा समजून घेतला, पण त्यांचं उत्तर या धाग्यात नेमकं बसतं. एककाचे गठ्ठे, मग दशकाचे: हा रेडिक्स सॉर्ट झाला. २०० पत्रिका दोनदा हाताळायच्या, म्हणजे ४०० हालचाली. एका हालचालीला दोन सेकंद धरले तर तेरा-चौदा मिनिटं. काड्यांना मोजून, खूण करून, कापायला वीस सेकंद प्रत्येकी धरले तर नुसतं कापणंच तासाच्या वर जातं, आणि उपसायला आणखी वीसेक मिनिटं.

खारीगाव_काका
म्हणजे माझी पद्धत बरोबर होती तर! तळातून वर उचलायचं विसरू नका एवढंच.

मधुरा_कळवा
काका, माघार घेते. 🙏

टर्नर_रबाळे
मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. वर्कशॉपमध्ये १२ मिमी सळईचे उरलेले तुकडे असतात. समजा चाळीस आहेत, २०० मिमीपासून दीड मीटरपर्यंत. ते लांबीप्रमाणे लावून ठेवायचे असतात, म्हणजे नवीन कामाला लागेल तेवढा तुकडा लगेच हाती येतो. इथे कोणीच एकेक मोजून वहीत लिहीत नाही. भिंतीला टेकवून एका रेषेत आणायचे आणि लांब दिसेल तो आधी उचलायचा. हे स्पॅगेटी सॉर्टच आहे ना? आणि याहून झटपट काही नाही.

उभं करून ठोकणं मात्र जमत नाही. १२ मिमी सळई मीटरला ०.८८८ किलो भरते, चाळीस तुकडे मिळून तीसेक किलो होतात. म्हणून बाकावर आडवे मांडायचे. एका अंगाला जाड पट्टी क्लॅम्प करायची आणि सगळे तिला भिडवायचे. एका थरात ४८० मिमी रुंदी लागते. कापलेल्या टोकाची बर, म्हणजे बाहेर आलेली धातूची कड, आधी ग्राइंडरने काढावी लागते, नाहीतर दोन-तीन मिमीचा फरक खोटा दिसतो.

सदाशिव_ऐरोली
दादा, तुमच्या बाकावर ही पद्धत खरोखरच जिंकते, आणि कारण नेमकं आहे. तुमच्याकडे लांबी आधीच लांबीच्या रूपात आलेली आहे. कापणं हा इनपुटचा खर्च तुम्हाला द्यावाच लागत नाही. उत्तरही सळयांच्याच रूपात हवंय, त्यामुळे उपसलेल्या काडीची लांबी पुन्हा मोजून आकड्यात आणायचा खर्चही नाही. प्राचीताईंना मात्र दोन्ही बाजूंना भाषांतर करावं लागतं: आकड्यातून काडी, आणि काडीतून आकडा.

त्यात आणखी एक अडचण आहे. २०० विद्यार्थी आणि गुण १०१ प्रकारचेच, त्यामुळे बरोबरीच्या काड्या असणारच. काडीवर हजेरी क्रमांक लिहिला नाही तर ६४ गुणांच्या तीन काड्यांपैकी कुठली कोणाची ते कळणार नाही. लिहिला तरी तिघींतली आधी कुठली निघेल हे जुडीतल्या जागेवर ठरतं, यादीतल्या क्रमावर नाही. काकांच्या गठ्ठ्यांत तो क्रम टिकतो.

अनघा_वाशी
मी ऑटोमेशनमध्ये आहे. सदाशिव सर म्हणाले की पट्टी "इथे कोणी आहे का?" असं विचारते. हेच तारेवर रोज होतं, कॅन बसमध्ये, आणि तिथे खर्च कुठे जातो ते फार स्वच्छ दिसतं.

एकाच तारेच्या जोडीवर अनेक नोड, म्हणजे उपकरणं, असतात. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर आयडीचे बिट सगळ्यांत मोठ्या स्थानापासून एकेक करून पाठवले जातात. ० हा बिट १ वर मात करतो. ज्याने १ पाठवला पण तारेवर ० वाचला, तो गप्प बसतो. शेवटी सगळ्यांत लहान आयडीचा नोड उरतो. तुमच्या पट्टीसारखंच आहे, सगळ्यांना एकदम प्रश्न आणि कोणीतरी एक उरतो.

फरक एवढाच की काडी म्हणजे पातळ्या मोजणं, १०० ला १०० पावलं. बसवर बिट मोजायचे असतात. मोठे गुण आधी हवेत म्हणून १०० − गुण घेतले तर ७ बिट पुरतात. बरोबरी सोडवायला हजेरी क्रमांकाचे ८ बिट मागे जोडले की एका फेरीला १५ बिट. २०० फेऱ्यांचे ३,००० बिट. २०० काड्यांचा क्रम तुलनेने ठरवायला किमान १,२४६ हो-नाही उत्तरं लागतात, त्याच्या अडीचपटीच्या आतच आलो की नाही?

म्हणजे लांबीऐवजी बिट वापरले की बांबूचा वर्ग जातो, पण log परत येतो. n वेगवेगळे नोड ओळखायला किमान log n बिट हवेतच, आणि फेऱ्या n.

आणि "सगळ्यांना एकदम" हेही फुकट नाही. प्रत्येक बिट तारेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचून परत यायला हवा, तेवढा वेळ तो धरून ठेवावा लागतो. म्हणून १ मेगाबिट वेग साधारण ४० मीटर तारेपर्यंतच चालतो. ५०० मीटर तार हवी तर १२५ किलोबिटवर यावं लागतं. नोड वाढले की तार वाढते आणि प्रत्येक प्रश्न हळू होतो. साध्या ट्रान्सीव्हरला साधारण ११० नोडपर्यंतची हमी असते, तेव्हा २०० "काड्या" एका बसवर लावायच्या तर तोही विचार करावा लागेल.

ओंकार_घणसोली
हे पटलं. मग स्लीप सॉर्टचंही असंच असणार:

```bash
for x in "$@"; do (sleep "$x"; echo "$x") & done; wait
```

प्रत्येक संख्या तेवढे सेकंद झोपते आणि उठून स्वतःला छापते. इथे तर n तुकडे खरंच समांतर चालतात. क्रमवारीसाठी एक ओळही लिहिलेली नाही.

सदाशिव_ऐरोली
तुम्ही लिहिली नाही, कर्नलने लिहिली. लिनक्समध्ये असे टायमर उठण्याच्या वेळेप्रमाणे लाल-काळ्या झाडात, म्हणजे नेहमी क्रमाने राहणाऱ्या रचनेत, लावून ठेवले जातात. नवीन टायमर झाडात घालताना log n तुलना होतात. दोनशे टायमर, प्रत्येकी सात-आठ तुलना. काडीच्या जागी वेळ आला, एवढाच बदल. १०० ला १०० सेकंद लागतात, आणि एकमेकांजवळच्या संख्या सेकंदाच्या हजाराव्या भागात बसवायला गेलात तर क्रम चुकू लागतो. टर्नरदादांचा अर्धा मिलिमीटर इथेही आहे.

ओंकार_घणसोली
सर, मग एक शंका. आपण बेरीज एक पायरी धरतो. पण ६४ बिटांची बेरीज ६४ तारांवर एकदमच होते. तोही लपवलेला समांतरपणाच ना? संगणकाला तो माफ आणि काड्यांना नाही, हा न्याय कसा?

सदाशिव_ऐरोली
शंका रास्त आहे. माझं म्हणणं असं की ६४ हा आकडा तुम्ही हजार संख्या लावा की दहा लाख, तोच राहतो. जुडी मात्र n बरोबर वाढते: दहा लाख काड्यांची जुडी, ३ मिमीच्या हिशेबाने, तीन मीटरहून जाड होईल, आणि तिच्यावर एका अंशात आडवी राहणारी पट्टी म्हणजे तीन मीटरवर पाच सेंटिमीटरची चूक. जे n बरोबर वाढतं ते मोजायला हवं, जे स्थिर आहे ते सोडता येतं.

अनघा_वाशी
मला हे पूर्ण पटत नाही. n वाढत गेला की कधीतरी ६४ बिटही कमी पडणारच, संख्येचा पत्ता लिहायलासुद्धा log n बिट लागतात. तेव्हा संगणकाच्या शब्दाची रुंदी, म्हणजे तो एका वेळी हाताळतो ते बिट, "स्थिर" म्हणणं ही सोय आहे, निसर्गनियम नाही. फरक मी असा बघते: रुंदी log n ने वाढते, जुडी n ने. काड्यांवर जास्त शंका घ्यावी हे खरं, पण संगणकाला पूर्ण सोडू नये.

सदाशिव_ऐरोली
पायऱ्या मोजायच्या की बिट, त्यावर हे उत्तर अवलंबून आहे. बिट मोजले तर तुमचं म्हणणं बरोबर. मी पायऱ्या मोजतोय.

प्राची_नौपाडा
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांशी बोलून असं ठरवलंय: फलकावरच्या तीन ओळी ठेवायच्या, पण प्रत्येकीच्या पुढे एक रकाना काढायचा, "हे काम कोणी केलं?" कापण्यापुढे करवत आणि मीटरमध्ये एकूण बांबू. ठोकण्यापुढे ठोक्यांची मोजलेली संख्या. उपसण्यापुढे पट्टीचा प्रवास आणि हजेरी क्रमांक वाचणारा मुलगा. शेजारच्या टेबलावर काकांच्या पद्धतीने त्याच २०० गुणांचे गठ्ठे, दोन्हीकडे घड्याळ. कापण्याच्या वेळेसकट घड्याळ लावायचं, हे मुलांनी स्वतःहून सांगितलं.

दोनशे काड्या कापायला वेळ पुरणार नाही असं दिसतंय. साठ घेतल्या तर चालेल का?

टर्नर_रबाळे
साठ उत्तम. जुडी २५ मिमीची होईल, त्यामुळे पट्टीचा कल दोन अंशांपर्यंत चालून जाईल आणि चॅनेल थोडे ढिले असले तरी अडणार नाही. पुठ्ठ्याची पट्टी मात्र ६० मिमीच ठेवा. आणि आदल्या दिवशी एकदा काड्या मिसळून दोनदा लावून बघा. दोन वेळांच्या क्रमांत ज्या काड्यांची अदलाबदल होईल त्या बाजूला काढा, त्यांची टोकं पॉलिश पेपरवर पुन्हा फिरवा. बरोबरीच्या काड्या अदलाबदल होणारच, त्यांना हात लावू नका.

खारीगाव_काका
गठ्ठ्यांसाठी अकरा खोकी लागतील, दहा नाही. शंभरवाला कोणीतरी असतोच.